पार्सलचा खोटा निरोप व पंचवीस रुपयांची मागणी
(इयत्ता ७ वी व पालक-सभा यांसाठी पाठाची दिशा)

प्रयोजन

आपल्या कर्जत तालुक्यातील बहुतेक गावांत इंग्रजी मजकुराचा कागद आला की तो प्रथम शाळेत आणला जातो. पूर्वी तार येई, पुढे बँकेची नोटीस येऊ लागली, आणि आता मोबाईलवरील संदेश येतो. फोन हातात घेऊन आलेला पालक एवढेच विचारतो, "गुरुजी, हे काय लिहिलंय? पैसे भरायचे का?" या प्रश्नाला त्याच क्षणी व बरोबर उत्तर देता यावे, आणि हीच पारख सातवीच्या मुलामुलींच्या अंगी यावी, एवढ्याच हेतूने हा पाठ येथे दिला आहे. घरातील मोबाईल पुष्कळदा मुलांच्याच हाती असतो व वडिलांच्या वतीने 'क्लिक' करणारे बोट मुलाचेच असते, हे लक्षात घेतले म्हणजे हा विषय वर्गात का घ्यावा याचे निराळे समर्थन करण्याची गरज उरत नाही.

पाठाचा विषय एकाच प्रकारच्या फसवणुकीपुरता मर्यादित ठेवला आहे. "आपले पार्सल पत्ता अपुरा असल्यामुळे अडकून पडले आहे; पुन्हा पोहोचविण्यासाठी किरकोळ रक्कम भरा" असा निरोप येतो व त्याबरोबर पार्सलचा मागोवा दाखविणारे एक पान उघडते. हे पान टपालखात्याचे वा कुरिअर कंपनीचे आहे असे भासते. वस्तुतः ते भामट्यांनी मांडलेले असते.

१. निरोपाचे स्वरूप

भारतीय टपालखात्याच्या नावाने असे निरोप २०२४ साली देशभर मोठ्या संख्येने गेले. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-तपासणी विभागाने त्याच वर्षी ते खोटे असल्याचे जाहीर केले, आणि पत्ता सुधारून घेण्यासाठी लिंक पाठविणारे असे संदेश टपालखाते पाठवीत नाही असे स्पष्ट केले. मूळ संदेश इंग्रजीत होता. त्याचा आशय असा : आपले पार्सल गोदामात येऊन पोहोचले आहे, ते पोहोचविण्याचा दोनदा प्रयत्न केला, परंतु पत्ता अपुरा असल्याने ते देता आले नाही, ४८ तासांच्या आत पुढील लिंकवर पत्ता सुधारावा, अन्यथा पार्सल परत पाठविले जाईल.

हा मजकूर फळ्यावर मराठीत लिहून त्याची वाक्यावाक्याने परीक्षा करावी. प्रथम विद्यार्थ्यांना विचारावे की, या निरोपात काय नाही? पार्सल कोणाच्या नावाचे आहे ते नाही, कोणी पाठविले ते नाही, कोणत्या डाकघरात पडून आहे ते नाही, आणि मुख्य म्हणजे पार्सलचा क्रमांकच नाही. स्पीड पोस्टच्या वस्तूवर आजवर रूढ असलेला क्रमांक तेरा चिन्हांचा असतो : आरंभी दोन इंग्रजी अक्षरे, मध्ये नऊ अंक व अखेरीस भारतवाचक IN ही अक्षरे. ज्या वस्तूचा मागोवा घ्यावयाचा तिचा क्रमांक न देता मागोवा घेण्यास सांगणे ही विसंगती मुलांनाही चटकन कळते. तथापि क्रमांक दिला आहे एवढ्यावरून निरोप खरा ठरत नाही, हेही सांगावे. कारण तेरा चिन्हे कोणालाही लिहिता येतात.

नंतर 'गोदाम' या शब्दाकडे लक्ष वेधावे. आपले पार्सल डाकघरात येते, गोदामात येत नाही. परदेशात बसून जगातील अनेक देशांसाठी एकच मजकूर बेतणाऱ्याच्या हातून असे शब्द सुटतात.

निरोप कोणाकडून आला हेही पाहावे. आपल्या देशात संस्थांकडून येणाऱ्या एसएमएसवर पाठविणाऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचे ठरावीक नाव दिसते, आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर एक अक्षर जोडलेले असते. शासकीय संदेशास G व सेवाविषयक संदेशास S असे ते अक्षर असते. टपालखात्याचा म्हणविणारा निरोप दहा आकडी खाजगी क्रमांकावरून, +९१ सोडून अन्य देशाच्या क्रमांकावरून, किंवा एखाद्या सामान्य ई-मेल पत्त्यावरून आला असेल तर तेथेच थांबावे.

काही निरोपांत आणखी एक चमत्कारिक सूचना असते : "उत्तरादाखल Y लिहा, संदेश बंद करून पुन्हा उघडा, म्हणजे लिंक चालू होईल." याचे कारण शिक्षकांना ठाऊक असावे. आयफोनवर अनोळखी व्यक्तीच्या संदेशातील लिंक फोन स्वतःच निष्क्रिय ठेवतो. आपण उत्तर दिले की ती व्यक्ती ओळखीची समजून लिंक सुरू होते. म्हणजे फोनने लावलेली कडी आपल्याच हाताने काढून घेण्याची ही युक्ती होय.

२. आपल्याकडेच हा निरोप खरा का वाटतो

'पत्ता अपुरा' हे कारण कर्जतकरांना फार पटते, आणि त्यास सबळ आधार आहे. महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत. एक आपले, पिनकोड ४१४४०२. दुसरे रायगड जिल्ह्यातील, पिनकोड ४१०२०१. पिन चुकल्याने वस्तू कोकणाच्या वाटेला लागली व आठवड्याने परत आली, हा अनुभव येथे नवा नाही. शिवाय वस्ती, मळा, "अमक्याच्या घरामागे" अशा पत्त्यांवर येणारी पार्सले कधीतरी खरोखरच अडतात. त्यामुळे भामट्याने आंधळेपणाने लाखो लोकांना धाडलेला एकच निरोप आपल्या गावातील माणसाला स्वतःसाठीच लिहिलेला वाटतो. त्यातच एखादी वस्तू खरोखर मागविलेली असली की शंकेला जागाच उरत नाही.

येथे पिनकोडची थोडी माहिती द्यावी, कारण पुढील भागाचा पाया तीच आहे. ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली व तिची योजना टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. सहा अंकांपैकी पहिले तीन अंक वस्तू कोणत्या वर्गीकरण-जिल्ह्यात जावयाची ते सांगतात व शेवटचे तीन अंक ते वाटप करणारे डाकघर दाखवितात. ४१४ ने आरंभ होणारी वस्तू अहिल्यानगरच्या बाजूस येते, ४१० ने आरंभ होणारी तिकडे जाते.

मग पत्ता खरोखरच अपुरा असेल तर काय घडते? वस्तू पिनकोडच्या आधारे वाटप करणाऱ्या डाकघरापर्यंत येते. तेथून शाखा डाकघराचा ग्रामीण डाकसेवक ती घेऊन निघतो. तो गावातील माणसे ओळखतो. घरी कोणी नसल्यास निरोप किंवा सूचना-चिठ्ठी ठेवतो, आणि वस्तू ठरावीक मुदतीपर्यंत डाकघरात राहते. तरीही घेणारा सापडला नाही तर ती पाठविणाराकडे परत जाते. या सर्व व्यवहारात लिंक उघडून कार्डाने शुल्क भरण्याची पायरी कोठेच नाही. ज्या पार्सलवर पैसे देणे असतात, उदाहरणार्थ व्ही. पी. किंवा वस्तू पोहोचल्यावर रक्कम देण्याचे पार्सल, त्यांचे पैसे वस्तू समोर आल्यावर दिले जातात. म्हणून "दोनदा प्रयत्न केला" असे म्हणणाऱ्या निरोपाची तपासणी करण्याचा आपल्याकडील सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डाकसेवकास विचारणे हा होय.

३. पत्ता उजवीकडून वाचावा

पाठाचा गाभा हा आहे. डाकघरात पत्रांची विभागणी करणारा मनुष्य पाकिटावरील पत्ता आपल्यासारखा वरून खाली वाचीत नाही. तो प्रथम शेवटची ओळ पाहतो : पिन, मग जिल्हा, मग गाव, माणसाचे नाव सर्वांत शेवटी. संकेतस्थळाचा पत्ता असाच शेवटाकडून वाचावा लागतो, आणि भामट्यांची सारी भिस्त आपण तो आरंभापासून वाचतो यावर असते.

पुढील चार पत्ते फळ्यावर लिहावेत. दुसऱ्यापासूनचे तीन नमुन्यादाखल बनविलेले आहेत. ते कोणीही फोनवर उघडून पाहू नयेत.

```
https://www.indiapost.gov.in/
https://indiapost.gov.in-parcel.top/IN
https://indiapost-gov.in/track
https://parcel-seva.top/indiapost.gov.in
```

वाचण्याची रीत तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी : आरंभीचे https:// झाकून टाकावे. दुसरी पायरी : त्यानंतर येणारी पहिली तिरकी रेघ शोधावी व तिच्या उजवीकडील सर्व मजकूर पुसून टाकावा. तिसरी पायरी : जे उरले ते उजव्या टोकापासून एकेक टिंब ओलांडीत डावीकडे वाचावे.

पहिल्या पत्त्यात उजवीकडून in, मग gov, मग indiapost असे शब्द मिळतात. येथे in म्हणजे भारत आणि gov.in म्हणजे भारतातील शासकीय संस्था. हा शेवट कोणालाही पैसे देऊन विकत घेता येत नाही. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रामार्फत तो केवळ शासकीय कार्यालयांना दिला जातो. म्हणून हा पत्ता टपालखात्याचा आहे.

दुसऱ्या पत्त्यात तिरकी रेघ IN च्या आधी आहे, म्हणून IN पुसले गेले. आता उजवीकडून top मिळते आणि त्यानंतर in-parcel हा एकच शब्द मिळतो. कारण in व parcel यांच्या मध्ये टिंब नसून आडवी रेघ आहे. म्हणजे हे स्थळ in-parcel.top या नावाने कोणीतरी विकत घेतले आहे. त्याच्या डावीकडे indiapost.gov हे शब्द लावण्यास मालकाला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या घराच्या दारावर कोणीही "जिल्हाधिकारी" अशी पाटी लावावी, तसाच हा प्रकार आहे.

तिसऱ्या पत्त्यात शेवट in असाच आहे, यामुळे पुष्कळ जण फसतात. परंतु gov च्या आधी टिंबाऐवजी आडवी रेघ आली आहे. तेव्हा हा gov.in नव्हे, indiapost-gov असे एक सबंध खाजगी नाव आहे. नुसता .in हा शेवट कोणालाही विकत घेता येतो. एका टिंबाच्या जागी एक रेघ आल्याने मालक बदलतो, हे येथे ठसवून सांगावे. चौथ्या पत्त्यात टपालखात्याचे नाव तिरक्या रेघेच्या पलीकडे आहे; दुसऱ्या पायरीलाच ते पुसले जाते व parcel-seva.top एवढेच उरते.

ही फसवणूक किती संघटितपणे चालते याची कल्पना एका आकड्यावरून येईल. फोर्टिनेट या सुरक्षा-कंपनीच्या अभ्यासकांना जानेवारी ते जुलै २०२४ या काळात भारतीय टपालखात्याच्या पत्त्याची नक्कल करणारी ४७० हून अधिक नावे नोंदविलेली आढळली. एक नाव बंद पडले की दुसरे तयार असते. त्यामुळे खोट्या पत्त्यांची यादी पाठ करून उपयोग नाही; वाचण्याची रीतच अंगवळणी पडली पाहिजे.

या रीतीच्या मर्यादाही शिक्षकांनी सांगाव्यात. खाजगी कुरिअर कंपन्यांच्या पत्त्याचा शेवट gov.in नसतो, म्हणून तेथे खरे नाव आधी ठाऊक असल्याखेरीज तुलना करता येत नाही. तसेच कित्येक निरोपांत पत्ता आखूड करून दिलेला असतो. त्यावरून मागचे स्थळ कळतच नाही. अशा वेळी न वाचता येणारा पत्ता हा खोटाच समजून चालावे, आणि आपल्या वाटेने जावे : ज्या दुकानातून वस्तू मागविली त्याच्या अ‍ॅपमध्ये जाऊन मागणीची स्थिती पाहावी, किंवा पावतीवरील क्रमांक घेऊन www.indiapost.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करून तेथे शोध घ्यावा. निरोपातील वाटेने कधीही जाऊ नये.

पत्त्याच्या पट्टीतील कुलुपाच्या चिन्हाबद्दल एक गैरसमज आढळतो. कुलूप म्हणजे स्थळ प्रामाणिक आहे असे नव्हे. आपला फोन व ते स्थळ यांच्यामध्ये मजकूर कोणी वाचू शकणार नाही, एवढीच हमी ते देते. चोराच्या घराच्या दारालाही कुलूप असू शकते.

४. पंचवीस रुपयांच्या आड काय असते

आता एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. समजा, राशीनच्या एका शेतकऱ्याने फवारणी पंपाचा सुटा भाग मागविला आहे. चौथ्या दिवशी त्याला वरील निरोप येतो. तो लिंक उघडतो. लाल-पिवळ्या रंगातील, टपालखात्याच्या चिन्हाचे पान दिसते. वर "आपली वस्तू रोखून ठेवली आहे" असे लिहिलेले असून खाली एक बटण असते.

पुढील पानावर नाव, घरचा पत्ता, फोन क्रमांक व ई-मेल विचारला जातो. हे सर्व पत्ता सुधारण्यासाठी स्वाभाविकच वाटते, आणि येथेच मनुष्याची सावधगिरी ढिली पडते. त्यानंतर पुनर्वितरणाचे शुल्क येते. फोर्टिनेटने नोंदविलेल्या एका पानावर ही रक्कम २५.०२ रुपये होती. दोन पैशांचा तो शेपूट मुद्दाम पाहण्यासारखा आहे. गोल आकडा मागितला तर मागणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. वरचे दोन पैसे दिसले की हिशेब यंत्राने केला आहे असे वाटते.

रक्कम इतकी लहान का, हा प्रश्न वर्गाला विचारावा. मुले म्हणतील की लहान रक्कम कोणीही देतो. हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. भामट्याला पंचवीस रुपये नकोच असतात. शुल्क भरण्यासाठी पुढे जे पान येते त्यावर कार्डाचा सोळा आकडी क्रमांक, मुदत संपण्याचा महिना व वर्ष, आणि कार्डामागील तीन आकडी सीव्हीव्ही विचारलेला असतो. त्याला हवे असते ते हे. पंचवीस रुपये हे गळाला लावलेले गांडूळ आहे.

शेतकऱ्याने हे आकडे भरले की ते तत्काळ दुसऱ्या टोकाला दिसतात. तेथील मनुष्य किंवा यंत्र तेच आकडे एखाद्या खऱ्या दुकानाच्या पानावर भरून, समजा, १८,४०० रुपयांची खरेदी सुरू करते. बँक नियमाप्रमाणे शेतकऱ्याच्या फोनवर ओटीपी पाठविते. त्याच वेळी खोट्या पानावर "शुल्काच्या पडताळणीसाठी ओटीपी भरा" अशी चौकट उघडते. शेतकऱ्याला वाटते, पंचवीस रुपयांचा ओटीपी आला. तो सहा अंक भरतो आणि १८,४०० रुपये जातात. पुष्कळदा पान म्हणते, "ओटीपी चुकला, पुन्हा प्रयत्न करा". तेव्हा दुसरी खरेदी चालू असते.

या साखळीत सावध होण्याची शेवटची जागा बँकेचा संदेश ही आहे. ओटीपीच्या संदेशात केवळ सहा अंक नसतात. किती रकमेसाठी व कोणत्या व्यापाऱ्यासाठी तो ओटीपी आहे हेही लिहिलेले असते. घाईत मनुष्य अंक तेवढे उचलतो व शब्द वाचीत नाही. म्हणून मुलांना एक नियम पाठ करायला लावावा : आधी रक्कम वाचावी, मग नाव वाचावे, अंक सर्वांच्या शेवटी. पंचवीस रुपयांच्या व्यवहारात १८,४०० हा आकडा दिसला की तेथेच हात थांबला पाहिजे. यूपीआयने पैसे मागितले तरी हाच नियम. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर रक्कम व घेणाऱ्याचे नाव दिसते, ते मोठ्याने वाचावे.

मात्र ओटीपी हा पहारेकरी सर्वत्र उभा नसतो. परदेशातील काही दुकाने ओटीपी न मागता केवळ क्रमांक, मुदत व सीव्हीव्ही यांवर पैसे उचलू शकतात. यासाठी कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवावेत. ग्राहकाला ही चावी स्वतःच्या हाती ठेवता यावी असा आदेश रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये बँकांना दिला व तो १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आला. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत जाऊन हा व्यवहार बंद करता येतो.

येथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे, तो आधीच दूर करावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टच्या वस्तूसाठी, पाठविणाऱ्याने तशी सेवा घेतली असल्यास, ओटीपी सांगितल्यावरच वस्तू हाती देण्याची सोय टपालखात्याने केली आहे. हा ओटीपी खरा असतो. तो वस्तू घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला सांगावयाचा असतो. कोणत्याही पानावर भरावयाचा नसतो आणि त्याच्या संदेशात बँकेचे किंवा रकमेचे नाव नसते. "ओटीपी कोणालाही सांगू नये" एवढेच शिकविले तर पालक खऱ्या पोस्टमनशी वाद घालतील. म्हणून हा भेद उलगडून सांगणे अवश्य आहे.

५. चूक घडली असल्यास

गुरुजींकडे येणारा मनुष्य पुष्कळदा उशिरा येतो. तो कोणत्या पायरीपर्यंत गेला होता हे प्रथम शांतपणे विचारावे, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे.

केवळ लिंक उघडून पान पाहिले व काही भरले नाही, काही उतरवून घेतले नाही, तर पान बंद करणे पुरेसे आहे. नाव, पत्ता व फोन क्रमांक भरला असेल तर पैशाला तत्काळ धोका नाही. परंतु यापुढे नावानिशी हाक मारून बोलणारे फोन येतील, हे सांगून ठेवावे. कार्डाचे आकडे भरले असतील तर पैसे गेले नसले तरी कार्ड लगेच बंद करवून घ्यावे. त्यासाठी कार्डाच्या मागील बाजूस छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला क्रमांक वापरू नये, कारण तेथेही खोटे क्रमांक पेरलेले असतात.

पैसे गेले असतील तर बँकेला कळविताच १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर फोन करावा. फोन करताना खाते कोणत्या बँकेचे, रक्कम किती, वेळ कोणती व व्यवहाराचा क्रमांक काय, ही माहिती जवळ असावी. ती बँकेच्या संदेशात असते. त्यानंतर cybercrime.gov.in येथे लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. वरील रीतीने वाचून पाहता हा पत्ताही gov.in चाच आहे, हे विद्यार्थ्यांकडून काढून घेता येईल. मूळ निरोप लाजेपोटी पुसून टाकू नये. तोच पुरावा आहे.

घाई का करावी याची दोन कारणे आहेत. एक असे की, गेलेली रक्कम काही काळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असते व तेवढ्या अवधीत ती गोठविता येण्याचा संभव असतो. दुसरे कारण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडे दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेला कळवीपर्यंत त्याचे त्याने सोसावे, आणि कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे, असा दंडक त्या परिपत्रकाने घालून दिला. म्हणजे कळविण्याची वेळ ही जबाबदारीची सीमारेषा ठरते. संध्याकाळी फसलेला मनुष्य "उद्या बाजारच्या दिवशी बँकेत जाऊ" असे म्हणून थांबला, तर रात्रीत होणाऱ्या पुढील खरेद्या त्याच्याच माथी येण्याचा धोका आहे.

६. वर्गातील मांडणी

पाठ दोन तासिकांत घ्यावा. पहिल्या तासिकेत पोस्टकार्डावर दोन्ही कर्जतचे पत्ते लिहवून घेऊन पिन कसा वाचतात ते दाखवावे व त्यावरून संकेतस्थळाच्या पत्त्याकडे वळावे. चार पत्त्यांच्या पट्ट्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत कराव्यात. Https:// झाकण्यासाठी एक कोरा कागद व तिरक्या रेघेनंतरचा भाग झाकण्यासाठी दुसरा, एवढे साहित्य पुरते. टिंब व आडवी रेघ निराळ्या रंगांनी काढावीत. इंग्रजी कच्चे असलेल्या मुलालाही ही रीत जमते, कारण तिच्यात अर्थापेक्षा खुणा ओळखावयाच्या असतात.

दुसऱ्या तासिकेत शेतकऱ्याचे उदाहरण नाट्यरूपाने घ्यावे. एक मुलगा शेतकरी, एक मुलगी बँक, एक जण खोटे पान व एक जण ग्रामीण डाकसेवक. बँक झालेल्या मुलीने ओटीपीची चिठ्ठी रक्कम व व्यापाऱ्याच्या नावासह द्यावी, आणि शेतकऱ्याने ती मोठ्याने वाचावी. अशा प्रात्यक्षिकात खऱ्या पालकाचा फोन, कार्ड किंवा खरा संदेश वापरू नये. गावात कोणी फसले असल्यास त्याचे नाव वर्गात घेऊ नये. नाव झाले की पुढचा फसलेला मनुष्य शाळेत यावयाचा थांबतो, आणि त्याचे तास वाया जातात.

स्वाध्याय

१. पुढील निरोपात कोणत्या तीन गोष्टी नाहीत ते लिहा : "आपले पार्सल गोदामात आहे. ४८ तासांत पत्ता सुधारा."
२. https://track.indiapost.gov.in.dak-vibhag.vip/home या बनविलेल्या पत्त्यातील मालकाचे नाव कोणते? पायऱ्या दाखवून उत्तर द्या.
३. पोस्टमनला सांगण्याचा ओटीपी व बँकेचा ओटीपी यांत कोणता फरक आहे?
४. शुल्क २५.०२ रुपये असून बँकेच्या संदेशात ९,९९९ रुपये लिहिले आहेत. तुम्ही कोणत्या क्रमाने काय कराल?
५. घरातील मोठ्या माणसांस विचारून, कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा मदत-क्रमांक घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. त्याखाली १९३० हा क्रमांक लिहा. कार्डाचा क्रमांक मात्र कोठेही लिहू नये.

(उत्तर क्र. २ साठी शिक्षकांस सूचना : तिरक्या रेघेपुढील home पुसल्यावर उजवीकडून vip व dak-vibhag मिळतात, मालकाचे नाव dak-vibhag.vip हे होय. त्याच्या डावीकडील track.indiapost.gov.in ही केवळ पाटी आहे.)